जिल्हा स्पर्धेसाठी वर्गशिक्षिकेला लिहिलेले पत्र

आमची मुलगी इंदूरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे आणि घराजवळच्या आखाड्यात चार वर्षांपासून दोरीचा मल्लखांब शिकते. गेल्या ऑगस्टमध्ये जिल्हा स्तरावरील स्पर्धेसाठी तिला दोन दिवस शाळेत न जाण्याची परवानगी मागणारे पत्र मी तिच्या वर्गशिक्षिकेला लिहिले. पत्र एका पानाचे होते, पण ते तीनदा लिहावे लागले, आणि त्याआधीच्या वर्षी ज्या पत्राने काम बिघडवले होते ते तर अवघ्या चार ओळींचे होते. आखाड्यातल्या इतर पालकांनी पत्राची नक्कल मागितली, तेव्हा नुसती नक्कल देण्यापेक्षा ते तसे का झाले हेच सांगावे असे मला वाटले.

आधी त्या चार ओळींविषयी. सहावीत असताना तिची अशीच स्पर्धा होती. आदल्या रात्री मी शाळेच्या डायरीत लिहिले की मुलीला उद्या जिल्हा स्तरीय स्पर्धेत भाग घ्यायचा असल्याने कृपया एक दिवसाची सुट्टी द्यावी, आणि खाली सही केली. डायरी तिच्या मैत्रिणीबरोबर शाळेत गेली. दोन आठवड्यांनी कळले की हजेरीपटात त्या दिवशी अनुपस्थिती लागली आहे आणि त्याच दिवशी झालेल्या गणिताच्या लेखी चाचणीचे गुण शून्य धरले आहेत. मी थोडी चिडूनच शाळेत गेले. वर्गशिक्षिकेने शांतपणे जे सांगितले त्याने माझा राग ओसरला. ‘जिल्हा स्तरीय स्पर्धा’ एवढेच वाचून त्यांनी क्रीडा शिक्षकांना विचारले होते, क्रीडा शिक्षकांनी त्यांच्याकडची शालेय स्पर्धांची यादी पाहिली होती, आणि त्या तारखेला त्या यादीत काहीच नव्हते. म्हणजे शाळेच्या दृष्टीने अशी स्पर्धाच अस्तित्वात नव्हती. माझ्या मुलीवर कोणी अविश्वास दाखवला असे नाही. स्पर्धा कोणाची, हे मी लिहिलेच नव्हते.

हा मुद्दा पुष्कळ पालकांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. जिल्हा स्तराच्या स्पर्धा दोन प्रकारच्या असतात. एक शिक्षण विभागाच्या शालेय क्रीडा स्पर्धा, ज्या आमच्याकडे विकासखंड, जिल्हा, संभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. त्यांत खेळाडूचे नाव शाळाच पाठवते, वयाच्या दाखल्यासह त्याच्या पात्रतेच्या अर्जावर प्राचार्यांची सही आणि शाळेचा शिक्का असतो, आणि मुलांबरोबर शाळेचा शिक्षक जातो. तिथे पालकांनी परवानगी मागण्याचा प्रश्नच येत नाही. उलट शाळाच पालकांकडून सहमतीपत्र लिहून घेते. दुसऱ्या स्पर्धा त्या त्या खेळाच्या जिल्हा संघटनेच्या असतात. त्यांत मूल आखाड्याच्या किंवा क्लबच्या नावाने उतरते, आणि शाळेला त्याची काहीच कल्पना नसते. ती कल्पना देण्याचे काम पालकांच्या पत्राचे आहे. आमची स्पर्धा दोन्ही वेळा दुसऱ्या प्रकारची होती.

यंदा मी पत्र लिहायला घेण्याआधी आखाड्यातल्या ताईंकडून संघटनेचे परिपत्रक मागितले. ते मोबाइलवर तिरप्या फोटोच्या रूपात आले, त्यात शिक्का अर्धाच दिसत होता. तसला कागद जोडून उपयोग नाही हे गेल्या वर्षीच कळले असल्याने मी आखाड्यात जाऊन मूळ परिपत्रकाची झेरॉक्स आणली, आणि ताईंकडून आखाड्याच्या लेटरहेडवर तीन ओळींचे पत्र घेतले, की ही मुलगी आमच्याकडे नियमित शिकते, तिचे नाव चौदा वर्षांखालील मुलींच्या गटात पाठवले आहे, आणि तिला सकाळी 8 वाजता स्पर्धास्थळी हजर राहायचे आहे. पत्रात सर्वांत उपयोगी ठरली ती ही हजर राहण्याची वेळ. स्पर्धा महूला होती, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, आणि एवढ्या जवळच्या स्पर्धेसाठी पूर्ण दिवस कशाला, मधल्या सुट्टीनंतर न्या, असे कोणीही म्हणू शकले असते. पण सकाळच्या रहदारीत राऊ ओलांडून महूला पोहोचायला आमच्या बाजूने तास-सव्वा तास धरावा लागतो, आणि आठला नोंद झाली तरी दोरीच्या मुलींची पाळी दुपारी कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. पत्रात मी एवढेच लिहिले की नोंदणी आठ वाजता असून पाळीचा क्रम त्याच दिवशी जाहीर होतो, त्यामुळे अर्धा दिवस शाळा करून जाणे शक्य नाही.

आता आमच्या घरातल्या एका वेगळ्याच अडचणीविषयी. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी वर्गशिक्षिकेशी आमचे सगळे बोलणे हिंदीत होते, म्हणून पत्रही हिंदीतच लिहायचे ठरले. इंदूरच्या मराठी घरांत दोन्ही भाषा येतात, पण अर्ज लिहिताना त्या एकमेकींच्या पायांत येतात. हिंदीत ‘अवकाश’ म्हणजे रजा, आपल्याकडे अवकाश म्हणजे सवड नाहीतर आभाळापलीकडची पोकळी. ‘कक्षा सातवीं’ लिहिले की माझ्या सासऱ्यांना उपग्रह आठवतो. आणि क्रीडा शिक्षकांचे पद मी ‘शारीरिक शिक्षा शिक्षक’ असे लिहिलेले पाहून ते चष्मा काढून इतके हसले की चहा सांडला. मराठी डोळ्यांनी वाचले तर तो माणूस मुलांना फटके देण्यासाठीच नेमलेला आहे. हसणे बाजूला ठेवले तरी त्यातून एक कामाची गोष्ट हाती लागली. हिंदी अर्जात मी सवयीने ‘अवकाश’ मागत होते, आणि गेल्या वर्षी ‘सुट्टी’ मागितली होती. दोन्ही शब्दांचा शाळेच्या भाषेत अर्थ एकच, की मूल खाजगी कारणाने येणार नाही. आम्हाला हवे होते ते वेगळे: मूल शाळेत नसले तरी स्पर्धेत होते अशी हजेरीपटात नोंद. तिच्या शाळेत त्याला ‘ओडी’ म्हणतात, म्हणजे ऑन ड्यूटी. शाळेच्या डायरीतले नियम नीट वाचल्यावर दिसले की दोन दिवसांपर्यंतची साधी रजा वर्गशिक्षिका मंजूर करू शकते, पण ओडीसाठी क्रीडा शिक्षकांची शिफारस आणि प्राचार्यांची सही लागते, आणि खाजगी रजेवर असताना बुडालेली चाचणी पुन्हा घेतली जात नाही. प्रत्येक शाळेचे हे नियम वेगळे असतील, पण ते बहुधा डायरीच्या पहिल्या दहा पानांत कुठेतरी असतातच.

या नियमामुळे मला कळले की आमची खरी गरज कोणती आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस शाळा चालायला हवी. त्यातले दोन दिवस गेले तर उपस्थिती एक टक्कासुद्धा खाली येत नाही. माझ्या पुतण्यासारखी दहावीतली मुले असली तर गोष्ट निराळी, कारण तिथे मंडळ 75 टक्के उपस्थितीचा हिशेब मागते आणि आधीच दुखण्याखुपण्याने गेलेल्या दिवसांत एकेक दिवस मोजावा लागतो. सातवीत प्रश्न उपस्थितीचा नव्हता, तर स्पर्धेच्या तारखा बदलल्यावर त्यांत सापडलेल्या, शुक्रवारी पहिल्या तासाला असलेल्या विज्ञानाच्या चाचणीचा होता. म्हणून पहिल्यानंतरच्या मसुद्यांत त्या चाचणीला स्वतंत्र परिच्छेद द्यायचे मी ठरवले.

पहिला मसुदा तयार झाला आणि त्याच संध्याकाळी संघटनेने तारखा बदलल्या. बुधवार-गुरुवारऐवजी स्पर्धा गुरुवार-शुक्रवार झाली, कारण पावसामुळे आधीचे सभागृह गळत होते. पत्र दिले नव्हते हे नशीब. दुसऱ्या मसुद्यात मी तारखांबरोबर वारही लिहिले, जेणेकरून आकडा चुकला तर वारावरून लक्षात यावे, आणि सुधारित परिपत्रकच जोडले. यजमानांचे म्हणणे होते की मल्लखांब 2013 पासून मध्य प्रदेशाचा राज्यक्रीडा आहे हे वाक्य सुरुवातीलाच टाकावे, म्हणजे वजन पडेल. मी ते काढून टाकले. वर्गशिक्षिकेला खेळाचे महत्त्व पटवायचे नव्हते, हजेरीपटात काय लिहायचे ते सांगायचे होते.

दुसऱ्या मसुद्यात मात्र मी एक चूक केली आणि ती प्रामाणिकपणाच्या नादात केली. ताईंनी सांगितले होते की दोरीच्या मुलींची स्पर्धा गुरुवारीच संपेल, आणि शुक्रवारी फक्त वरच्या क्रमांकाच्या मुलींची संभागासाठी निवड चाचणी होईल. म्हणून मी लिहिले की गुरुवारची परवानगी निश्चित हवी, आणि शुक्रवारची फक्त निवड झाल्यास. मला वाटले की गरजेपेक्षा जास्त न मागितल्याने शिक्षिकेला बरे वाटेल. मंगळवारी, म्हणजे स्पर्धेच्या नऊ दिवस आधी, शाळा सुटताना मी पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते उभ्यानेच वाचले, पेनाने त्या ओळीखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, “शर्त मत लिखिए. प्राचार्य मॅडम शर्तवर सही करत नाहीत, आणि मला शुक्रवारी सकाळी पावणेआठला हजेरी घ्यायची असते. तेव्हा निवड झाली की नाही हे मी कोणाला विचारू? दोन्ही दिवस मागा. नाही झाली निवड, तर मुलगी येऊन बसेल, तिला कोण अडवणार आहे?”

चाचणीच्या परिच्छेदातही त्यांनी बदल सुचवला. मी लिहिले होते की चाचणी बुधवारीच, म्हणजे आधी घ्यावी. त्यांचे म्हणणे असे की आधी घेतली तर प्रश्न वर्गात पोहोचतात, म्हणून विज्ञानाच्या शिक्षिका ते मान्य करणार नाहीत. नंतर, वेगळ्या प्रश्नपत्रिकेवर घ्यावी असे लिहिले तर त्यांना नाही म्हणायला कारण उरणार नाही. या दहा मिनिटांच्या बोलण्यात मला जे कळले ते घरी बसून कितीही मसुदे केले असते तरी कळले नसते. मी घरी येऊन तिसऱ्यांदा पत्र लिहिले. ते मराठीत उतरवून खाली देते. नावे आणि क्रमांकांच्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत.

“प्रति, वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी, तुकडी ब.

विषय: जिल्हा स्तरीय मल्लखांब स्पर्धेतील सहभागासाठी दोन दिवस ओडी मंजूर होण्याबाबत.

महोदया,

माझी मुलगी कुमारी …, हजेरी क्रमांक …, स्कॉलर क्रमांक …, आपल्या वर्गात शिकते. जिल्हा मल्लखांब संघटनेने आयोजित केलेल्या जिल्हा स्तरीय स्पर्धेसाठी चौदा वर्षांखालील मुलींच्या दोरीच्या मल्लखांब गटात तिची नोंद तिच्या आखाड्यातर्फे झाली आहे. ही स्पर्धा शिक्षण विभागाच्या शालेय क्रीडा स्पर्धांपैकी नसून संघटनेची आहे, त्यामुळे शाळेकडे तिचे वेगळे पत्र आलेले नसेल. स्पर्धा महू येथे गुरुवार, 21 ऑगस्ट आणि शुक्रवार, 22 ऑगस्ट या दोन दिवशी आहे. दोन्ही दिवशी सकाळी 8 वाजता नोंदणी असून पाळीचा क्रम त्याच दिवशी जाहीर होत असल्याने अर्धा दिवस शाळेत येणे तिला शक्य होणार नाही. तरी या दोन दिवसांची नोंद रजा म्हणून न करता ओडी म्हणून करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

शुक्रवारी पहिल्या तासाला विज्ञानाची चाचणी आहे. ती सोमवार, 25 ऑगस्ट रोजी किंवा त्यानंतर विषय शिक्षिकेच्या सोयीच्या तासाला, वेगळ्या प्रश्नपत्रिकेवर घेतली जावी. दोन दिवसांचा अभ्यास ती रविवारपर्यंत वर्गमैत्रिणीच्या वह्यांवरून पूर्ण करील.

स्पर्धेच्या ठिकाणी मी स्वतः तिच्याबरोबर असेन, आणि या दोन दिवसांत तिची संपूर्ण जबाबदारी माझी राहील. तारखेत बदल झाल्यास मी त्याच दिवशी आपल्याला कळवीन. स्पर्धेनंतर सहभाग प्रमाणपत्राची प्रत शाळेत जमा करीन.

सोबत: संघटनेचे सुधारित परिपत्रक आणि आखाड्याचे पत्र.

आपली विश्वासू, आई, सही, मोबाइल क्रमांक, तारीख.”

जबाबदारीचे वाक्य मला आधी उगाच सरकारी वाटले होते. पण शालेय स्पर्धेत शिक्षक बरोबर असतो, इथे नसतो, आणि शाळेच्या वेळेत मूल शाळेबाहेर कोणाच्या ताब्यात आहे हे शाळेला लेखी हवेच असते. क्रीडा शिक्षकांनी शिफारस लिहिताना याच वाक्यावर बोट ठेवून होकार दिला असे नंतर कळले.

पत्राच्या मी दोन प्रती नेल्या आणि दुसरीवर मिळाल्याची सही आणि तारीख घेतली. पत्र बुधवारी, 13 तारखेला दिले. वर्गशिक्षिका, क्रीडा शिक्षक, प्राचार्यांचे कार्यालय आणि परत वर्गशिक्षिका एवढा प्रवास करून ते सोमवारी, 18 तारखेला मंजूर झाले. मध्ये 15 ऑगस्ट आणि रविवार होता. आदल्या दिवशी दिले असते तर ते प्राचार्यांच्या टेबलापर्यंतही गेले नसते. मंजुरीची सही पत्राच्या डाव्या समासात होती, खाली क्रीडा शिक्षकांचे एका ओळीचे ‘अनुशंसित’, आणि वर्गशिक्षिकेने आपल्या हाताने लिहिलेले ‘विज्ञान चाचणी: 25 नंतर’. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला.

गुरुवारी आमच्या मुलीचा संच दुपारी अडीचला झाला. शेवटी दोरीवरून उतरताना तिचा तोल किंचित गेला आणि ते तिच्या चेहऱ्यावर उमटले, तेव्हाच मला वाटले की उद्या शाळा. यादी लागायला साडेसात वाजले. तिचे नाव निवडलेल्यांत नव्हते. खाली राखीव म्हणून होते. राखीव मुलींनी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर राहायचे होते, उतरायला मिळो वा न मिळो. परतताना गाडीत मला एकदम माझा दुसरा मसुदा आठवला. “निवड झाल्यास” असे लिहिलेले पत्र मंजूर होऊन माझ्या हातात असते, तर राखीव म्हणजे निवड झाली की नाही झाली, हा प्रश्न रात्री साडेआठला मी कोणाला विचारणार होते? शुक्रवारी ती महूला गेली, दिवसभर मॅटजवळ बसून राहिली, तिला दोरीला हातही लावायला मिळाला नाही, आणि संध्याकाळी सहभागाचे प्रमाणपत्र घेऊन आम्ही परत आलो.

त्या प्रमाणपत्रात एक उणीव होती. त्यावर तारीख फक्त 21 ऑगस्टची छापली होती. सोमवारी मी त्याची प्रत जमा करायला गेले तेव्हा लिपिकांनी लगेच विचारले की मग 22 तारखेचे काय. आखाड्याच्या ताईंकडून राखीव यादीची सहीशिक्क्याची प्रत मागवून ती जोडावी लागली, त्यात आणखी दोन दिवस गेले. पुढच्या वेळी प्रमाणपत्र हातात पडताच तारीख वाचायची आणि तिथेच संघटनेच्या सचिवांकडून दुरुस्त करून घ्यायची, हे मी डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे.

विज्ञानाची चाचणी बुधवारी, ग्रंथालयाच्या तासाला झाली. सप्टेंबरच्या पालक सभेत वर्गशिक्षिकेने हजेरीपट उघडून दाखवला, त्यात 21 आणि 22 या दोन्ही घरांत लाल शाईने ‘ओडी’ लिहिलेले होते, आणि समासात माझ्या पत्राचा आवक क्रमांक होता. शेजारच्या वर्गातल्या एका कबड्डीपटूचे वडील तेव्हा तिथेच उभे होते. त्यांनी विचारले की हे लाल शाईचे काय प्रकरण आहे, आणि शिक्षिकेने माझ्याकडे बोट दाखवून त्यांना सांगितले, “इनसे पत्र की नकल ले लीजिए.”